थेट विचारलं तर तिच्या डोक्यात तो विचार घातल्यासारखं होईल का?

*माझी मुलगी १५ वर्षांची आहे. दोन-तीन महिन्यांपासून ती उकाड्यातही पूर्ण बाह्यांचेच कपडे घालते. जवळच्या मैत्रिणींशी बोलणं बंद झालंय, रात्री दोन-अडीचपर्यंत जागी असते. मध्यंतरी भांडणात म्हणाली, "मी नसले तर तुमचं सगळं सोपं होईल." मागच्या आठवड्यात तिने जिवापाड जपलेले रंग आणि ब्रश धाकट्या भावाला देऊन टाकले. तेव्हापासून एकदम शांत झालीये, भांडत नाही, हसतेसुद्धा. तिचे बाबा म्हणतात, वय होतं, निवळलं. नणंद म्हणते, तो विषय तोंडातून काढूही नकोस, नसलेलं डोक्यात भरवशील. मी विचारू का? आणि विचारायचं तर कसं?*

*— एक आई*

ताई, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: आज रात्रीच विचारा, आणि त्याआधी घरातली औषधं कुलपात ठेवा. ते का, आणि विचारायचं म्हणजे नेमकं काय बोलायचं, हे इथे सविस्तर लिहिते.

आधी नणंदबाईंची भीती. ती अगदीच वावगी नाही, एके काळी ती डॉक्टरांनाही वाटायची, म्हणून तर ती तपासून पाहिली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांमधल्या २,३४२ मुलामुलींवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्या मुलांना दिलेल्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न होते, बाकीच्यांच्या प्रश्नावलीत नव्हते. दोन दिवसांनी सगळ्यांनाच ते प्रश्न विचारले. ज्यांना आधी विचारलं होतं त्यांच्यात असे विचार वाढलेले आढळले नाहीत. उलट जी मुलं मुळातच निराश होती किंवा ज्यांनी पूर्वी कधी प्रयत्न केला होता, त्यांना प्रश्न विचारला गेल्यामुळे थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. ज्याच्या मनात हे घोळत असतं त्याच्यासाठी तुमचा प्रश्न नवा नसतो. नवी असते ती एवढीच गोष्ट, की हे कुणाशी तरी बोलता येतं.

आता तिच्या बाबांचं म्हणणं. उशिरा झोपणं, चिडणं, मैत्रिणींशी बिनसणं हे या वयात पुष्कळ घरांत होतं, त्यात ते चुकत नाहीत. म्हणूनच कुठलंही एक लक्षण सुटं धरून चालत नाही. मी आईवडिलांना विचारते ते एवढंच: ती आधी कशी होती, आणि त्यात काय बदललं? जी मुलगी कायमच अबोल आहे तिचं गप्प बसणं वेगळं, आणि बडबड्या मुलीचं महिनाभर गप्प राहणं वेगळं. या वयात उदासी दरवेळी रडक्या चेहऱ्याने येत नाही. बऱ्याचदा ती चिडचिड बनून येते, आणि मुलग्यांमध्ये तर आदळआपट आणि जिवावरची धाडसं बनूनही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जड वाटल्या त्या तीन गोष्टी. एक, तिचं वाक्य. "मी मरेन" असं मुलं क्वचितच म्हणतात. "मी ओझं आहे", "माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल", "आता फार दिवस राहिले नाहीत" अशी आडवळणाची वाक्यं येतात, आणि घरी ती रागाच्या खात्यात टाकून दिली जातात. दोन, जपलेली वस्तू देऊन टाकणं. तीन, त्याच्यानंतरची शांतता. काही काळ घुसमटलेलं मूल काहीही न बदलता अचानक निवांत झालं, तर ते बरं झालं असेलच असं नाही. कधी कधी आतली ओढाताण संपलेली असते, कारण त्याने मनाशी निर्णय घेतलेला असतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत तसंच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण "निवळलं" असं समजून सोडून द्यावं, अशी ही शांतता नाही.

पूर्ण बाह्यांबद्दलही बोलायला हवं. स्वतःला इजा करून घेणारी सगळीच मुलं मरायला निघालेली नसतात. पुष्कळांसाठी तो असह्य झालेली भावना तेवढ्यापुरती खाली आणण्याचा मार्ग असतो, किंवा आतून सुन्न झाल्यावर काहीतरी जाणवावं म्हणून केलेली धडपड. "लक्ष वेधायला करते" हे वाक्य मला मनापासून नको वाटतं. लक्ष वेधायचं असतं तर तिने बाह्या खाली ओढल्या नसत्या. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्या तरी पहिलीपासून दुसरीचा धोका वाढतो. म्हणून विचारताना दोन्ही विचारायचं, आणि वेगवेगळं विचारायचं.

विचारायचं कसं, ते एका बापाच्या उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. मुलगा १६ वर्षांचा. त्याच्या वहीच्या मागच्या पानावर एक वाक्य दिसलं आणि हा माणूस वही घेऊन तसाच मुलाच्या खोलीत गेला. उभ्या उभ्या म्हणाला, "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीयेस ना?" मुलगा म्हणाला, "नाही." बाप परत फिरला, पण रात्रभर त्याला झोप लागली नाही. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "विचारलं मी, तो नाही म्हणाला."

तो प्रश्न पुन्हा वाचा. त्यात उत्तर आधीच भरून ठेवलंय. "वेडंवाकडं" म्हटल्यावर हो म्हणणारा वेडा ठरतो, आणि शेवटचा "ना" तर सरळ विनवणीच आहे: नाही म्हण रे बाबा. आईबापाला वाचवायला मूल नाहीच म्हणणार.

दुसऱ्या खेपेला त्याने वेगळं केलं. सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून मोटरसायकल धूत होते. समोरासमोर बसून डोळ्याला डोळा भिडवण्यापेक्षा हाताला काम असलेलं, शेजारी शेजारी असलेलं बरं पडतं. पोरांना तोंड लपवायला जागा मिळते. तो म्हणाला, "परवा तुझी वही पाहिली. न विचारता पाहिली, ते चुकलं माझं. पण त्यातलं वाक्य वाचल्यापासून मला तुझी काळजी लागून राहिलीये. महिनाभर तू नीट झोपत नाहीस, खेळायला जाणं बंद केलंयस. इतका त्रास होत असला की काही जणांच्या मनात जीव द्यायचे विचार येतात. तुझ्या मनात येतात का?"

मग तो गप्प बसला. हे सगळ्यात अवघड. मुलगा चाकावरचा एकच डाग बराच वेळ घासत राहिला. बापाला वाटलं दहा मिनिटं गेली, गेलं असेल मिनिटभर. मग मुलगा म्हणाला, "येतात. पण आज नाही येत."

ताई, या संवादात सगळं आलंय. जे दिसलं ते आरोप न करता सांगणं, मग तो शब्द स्पष्ट उच्चारणं, मग थांबणं. तुम्ही तुमच्या शब्दांत म्हणा. "तू ते रंग देऊन टाकलेस, त्या दिवशी 'मी नसले तर' म्हणालीस, मला ते विसरता येत नाही. तुला मरून जावंसं वाटतं का?" त्यानंतर लगेच नाही, पण त्याच बोलण्यात: "स्वतःला काही इजा करून घेतेस का?" बाह्या वर करायला लावू नका. तिने आपणहून दाखवलं तर तोंडून हाय काढू नका. जखम ताजी असेल तर कुठल्याही जखमेला करतो तसं धुऊन, स्वच्छ पट्टी बांधून द्या. खोल असेल तर डॉक्टरकडे न्या.

धाकट्यासमोर विचारू नका, भांडणाच्या ओघात विचारू नका. "तुला काय कमी आहे?", "आमचा विचार नाही आला?" ही दोन वाक्यं तर जिभेवर आली तरी गिळा. तिला आधीच वाटतंय की आपण ओझं आहोत. त्या वाक्यांनी त्यावर शिक्कामोर्तब होतं. शपथही घालू नका. "माझी शपथ, असं काही करणार नाहीस" म्हटलं की ती शपथ घेईल, आणि पुढच्या वेळी विचार आला की तुम्हाला सांगणार नाही, कारण तो शपथभंग होईल. आणि ती म्हणाली, "सांगते, पण कुणाला सांगायचं नाही," तर तेही कबूल करू नका. म्हणा, "जगभर सांगत फिरणार नाही. पण तुला सुखरूप ठेवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन, आणि आधी तुला विचारून सांगेन."

ती हो म्हणाली तर पहिलं वाक्य, "सांगितलंस ते फार बरं केलंस." दुसरं काही सुचलं नाही तरी चालेल. मग आवाज शक्य तितका नेहमीचा ठेवून पुढचं विचारायचं. हे कधीपासून वाटतंय? कसं करायचं ते मनात ठरवलंयस का? त्यासाठी काही जमवून ठेवलंयस का? कधी, ते ठरलंय का? याआधी कधी प्रयत्न केला होतास का? डॉक्टर साधारण याच पायऱ्यांनी जातात. "कधी कधी वाटतं, झोपावं आणि उठूच नये" ही खालची पायरी. तिलाही मदत लागते, पण तुमच्या हाती दोन-चार दिवस असतात. साधन ठरलंय, वेळ ठरलीये, किंवा मागे प्रयत्न झालाय, तर दिवस नाहीत. तिला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं. तिने काही घेतलंय असा नुसता संशय आला तरी हेच, भले ती चालती-बोलती दिसत असो. काही औषधांनी झालेली हानी पहिल्या दिवशी दिसतच नाही. घरच्या घरी उलटी करवायची नाही, पाकीट सापडलं तर सोबत न्यायचं.

आणि ती नाही म्हणाली तर? खरंच नसेल, किंवा आज सांगायचं नसेल. "बरं. पण कधी आलाच असा विचार, तर मला मध्यरात्री उठव. मी चिडणार नाही," असं म्हणून सोडा आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा. तुमच्या पत्रात जेवढं आहे तेवढ्यावर मी तिच्या "नाही"वर विसंबणार नाही. डॉक्टरांची वेळ तरीही घ्या.

घरातल्या कुलपाचं आता सांगते, कारण तिचे बाबा म्हणतील, करायचं असेल तर ती कसंही करेल. असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तसं होत नाही. मरावंसं वाटणं महिनोन् महिने असू शकतं, पण हातून घडण्याची उबळ बहुतेकदा थोडा वेळच टिकते, कित्येकांच्या बाबतीत काही मिनिटं. त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर फार अवलंबून असतं, आणि ते नसलं तर बहुतेक जण दुसरं शोधायला उठत नाहीत, लाट ओसरते. म्हणून घरातली सगळी औषधं, आजीआजोबांची आणि उरलीसुरलीसुद्धा, एका कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाच्या अंगावर असू द्या. कीटकनाशकं आणि तशीच जहाल रसायनं घराबाहेर काढा. धारदार वस्तू मोजून ठेवा. तिच्या खोलीची आणि न्हाणीघराची कडी आतून लागली तरी बाहेरून उघडेल अशी सोय करा. हे तिच्यापासून लपवून करू नका. "काही दिवस हे बंद ठेवतोय, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, त्या वाईट दहा मिनिटांवर नाही म्हणून," असं सांगून करा. फोन मात्र शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. बऱ्याचदा तिचा एकुलता एक आधार त्याच्यात असतो. रात्री तो खोलीबाहेर राहील एवढं तिच्याशी बोलून ठरवता येतं, झोपेसाठीही ते गरजेचं आहे. आणि न झोपलेल्या मेंदूला पहाटे तीन वाजता सगळंच संपल्यासारखं वाटतं.

आता कुणाकडे जायचं. आत्महत्येचे विचार असतील तर पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञांची, म्हणजे औषध लिहून देऊ शकणाऱ्या डॉक्टरांची. मुलांचे वेगळे तज्ज्ञ मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर शोधण्यात पंधरवडा घालवू नका, जे मिळतील त्यांच्याकडे जा. नेहमीचे डॉक्टर किंवा शाळेतले समुपदेशकही पहिला धागा जोडून देऊ शकतात. फोनवर वेळ घेताना "मुलगी जरा चिडचिडी झालीये" असं मोघम बोललात तर तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळेल. "१५ वर्षांची मुलगी आहे, मरण्याचे विचार बोलून दाखवलेत, स्वतःला इजा करत असावी असं वाटतंय," असं स्पष्ट सांगा. जाताना तारखा लिहून न्या: झोप कधी बिघडली, मैत्रिणी कधी तुटल्या, ते वाक्य कधी बोलली, रंग कधी दिले, घराण्यात कुणाला असा त्रास होता का. मैत्रिणी का तुटल्या हेही बघा. या वयात अपमान, एखादा फोटो पसरणं, गटातून काढून टाकणं हे मोठ्यांना वाटतं त्याच्या कितीतरी पट लागतं.

डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील, तुम्हाला बाहेर बसवतील. रागावू नका, ते चांगल्या तपासणीचं लक्षण आहे. जिवाला धोका दिसला तर ते तुम्हाला सांगतीलच. त्या मुलाच्या बाबतीत डॉक्टर पाऊण तास एकटे बोलले आणि भेटीच्या शेवटी एक साधा कागद तयार झाला. त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शब्दांत: त्रास वाढतोय हे मला आधी कशावरून कळतं (त्याने लिहिलं होतं, "कानात गाणी असतात पण ऐकू येत नाहीत"), तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुठे जाऊन बसलं की बरं वाटतं, कुणाला सांगायचं, डॉक्टरांचा आणि मदतवाहिनीचा नंबर, घरात काय काय लांब ठेवायचं. बापलेकांनी त्यात भर घातली ती आकड्याची. शून्य ते दहा, दहा म्हणजे सर्वांत वाईट. मुलाने नुसता आकडा मेसेज करायचा, बापाने "काय झालं?" विचारायचं नाही. सात आला की हातातलं टाकून घरी यायचं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आठ आला. बाप आला, दोघं काही न बोलता चालत राहिले, संध्याकाळी आकडा पाचवर होता. शब्द सुचत नसतात तेव्हा आकडा पाठवता येतो.

डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या तर एक ध्यानात ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत, आणि मात्रा बदलल्यावर, काही थोड्या मुलांमध्ये अस्वस्थता आणि असे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये या औषधांवर तसा ठळक इशारा छापायला लावला. त्यामागच्या चाचण्यांमध्ये असे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्या मुलांत साधारण शंभरात चार आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत दोन इतकं आढळलं होतं. त्या चाचण्यांत आत्महत्या एकही झाली नव्हती. म्हणजे औषध नको असा याचा अर्थ नाही, या काळात नजर ठेवायची आणि भेटी चुकवायच्या नाहीत. एकदम बेचैन झाली, झोप पार उडाली, येरझाऱ्या घालू लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि गोळ्या द्यायच्या त्या मोठ्यांच्या हातून, एका वेळेला एक.

औषधांइतकंच, कित्येकदा जास्त काम बोलण्याच्या उपचारांचं असतं. भावनेची लाट आल्यावर इजा न करता ती कशी पार करायची, हे त्यांत कौशल्य म्हणून शिकवतात. आठवड्याला एक भेट, असे काही महिने लागतात. मधे एखादा दिवस पुन्हा इजा करून घेईल. तेव्हा "इतका खर्च करून काय उपयोग" असं घरात कुणी म्हणू नये, याची तजवीज आधीच करून ठेवा. आणि रुग्णालयात ठेवावं लागलंच, तर घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे जास्त जपायचे असतात. सगळे हुश्श करतात नेमकं तेव्हा.

तिच्या बाबांना हे सगळं वाचायला द्या. आठ-दहा दिवस रात्री तिच्या खोलीत गादी टाकून आळीपाळीने झोपायला दोन माणसं लागतात, एकट्या आईला ते झेपत नाही. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं, तर भारतात टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. तो तिच्यासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे. "मुलीशी कसं बोलू" एवढंच विचारायलाही फोन करता येतो. जीव धोक्यात असेल तर ११२. परदेशात असाल तर तिथला तातडीचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

राहिला धाकटा. त्याला काही कळत नाही असं समजू नका, रंग का मिळाले हे कोडं त्यालाही पडलं असेल. "ताईला बरं नाहीये, मनाचं दुखणं आहे, डॉक्टर बघतायत, तुझ्यामुळे झालेलं नाही," एवढं त्याला सांगा. आणि ते रंग वापरू नकोस, पेटीत तसेच ठेव म्हणावं. तिला परत घे म्हणून गळ घालायची नाही, तिने आपणहून मागितले तर मुकाट्याने काढून द्यायचे.